पुरावा-फाइल: फ्लॅट क्र. 7, धायरी, पुणे 411041
सक्षम प्राधिकारी, भाडे नियंत्रण कायदा, पुणे यांच्यासमोर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 खालील अर्जासोबत सादर

अर्जदार: श्रीमती सुमन वसंत कुलथे, वय 63, निवृत्त शिक्षिका, राहणार सातारा
जाब देणार: निखिल रमेश देवघरे, वय 31, नोकरी, राहणार वरील फ्लॅटमध्ये

फाइल कशी वाचावी

कागद तारखेच्या क्रमाने लावले आहेत. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात दस्त क्रमांक आहे. व्हॉट्सअॅपचे बरेच संदेश रोमन लिपीत लिहिलेले होते. ते येथे देवनागरीत शब्दशः उतरवले असून मूळ स्क्रीनशॉट त्याच दस्तात मागे जोडले आहेत. दोन संदेशांमधला एकही संदेश गाळलेला नाही. ज्या मजकुरात जाब देणार यांची बाजू दिसते, तोही ठेवला आहे, कारण संभाषण अर्धवट दाखवून मिळालेला आदेश मला नको आहे.

दस्त 1. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार

मुदत 1 मे 2024 ते 31 मार्च 2025, म्हणजे 11 महिने. परवाना शुल्क दरमहा 16,000 रुपये, प्रत्येक महिन्याच्या 5 तारखेपर्यंत आगाऊ देय. अनामत 50,000 रुपये, चेकने मिळाली. जागा फक्त राहण्यासाठी. वीजबिल वापरणाऱ्याने भरायचे (परिच्छेद 6). जागा सोडताना थकबाकी अनामतीतून वळती करायची (परिच्छेद 9). करार कलम 55 प्रमाणे लेखी व नोंदलेला आहे. कलम 24 च्या स्पष्टीकरणानुसार असा लेखी करार त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा असल्याने मुदत कधी संपली यावर वाद उरत नाही.

दस्त 2. बँकेचा खातेउतारा, मे ते ऑक्टोबर 2024

सहा महिने, सहा नोंदी, प्रत्येकी 16,000 रुपये. या काळाबद्दल माझी कसलीही तक्रार नाही.

दस्त 3. गळतीचे फोटो व प्लंबरची पावती

हा भाग मी मुद्दाम पुढे आणला आहे, कारण पुढे जाब देणार यांनी गळतीचेच कारण सांगितले आहे.

22 सप्टेंबर 2024, सकाळी 9.14, जाब देणार: «काकू, बाथरूमच्या छताला ओल आलीय, पाणी ठिबकतंय. फोटो पाठवतोय.» सोबत दोन फोटो (3-अ, 3-आ).

त्याच दिवशी सकाळी 9.40, मी: «वरच्यांशी बोलते. तू ओळखीचा प्लंबर बोलाव, पावती घे. पैसे भाड्यातून वजा कर.»

6 ऑक्टोबर 2024, जाब देणार: «झालं काम काकू. 2,400 झाले. आता गळत नाही.» सोबत दुरुस्तीनंतरचा फोटो (3-इ) आणि पावती (3-ई).

म्हणजे तक्रारीला उत्तर 26 मिनिटांत गेले, काम दोन आठवड्यांत झाले आणि ते झाल्याचे जाब देणार यांनी स्वतः कळवले. 2,400 रुपयांची सूट मी हिशोबात पूर्ण धरली आहे.

दस्त 4. नोव्हेंबर व डिसेंबर 2024

8 नोव्हेंबर, जाब देणार: «काकू दिवाळीत गावी बराच खर्च झाला. आत्ता 8,000 टाकतो, बाकीचे 20 पर्यंत.»
मी: «ठीक आहे. प्लंबरचे 2,400 वजा जाता 5,600 राहतात.»
जाब देणार: «हो काकू, 5,600. लक्षात आहे.»

8,000 रुपये त्याच दिवशी यूपीआयने आले (खातेउतारा, पान 3). 5,600 आजपर्यंत आलेले नाहीत.

डिसेंबरचे 16,000 रुपये 12 डिसेंबरला मी पुण्यात आले असताना रोख मिळाले. रेव्हेन्यू तिकीट लावून दिलेल्या पावतीची स्थळप्रत जोडली आहे. ही रक्कम बँकेत दिसणार नाही. ती मिळाली आहे, हे मी येथे स्पष्टपणे मान्य करते.

दस्त 5. जानेवारी ते मार्च 2025

माझ्या मते या फाइलमधील सर्वांत महत्त्वाची पाने हीच आहेत. थकबाकी आहे असे केवळ मी म्हणत नाही, जाब देणार यांनीही ती तीन वेळा लिहून मान्य केली आहे.

9 जानेवारी, मी: «निखिल, जानेवारीचं भाडं आलं नाही. नोव्हेंबरचे 5,600 पण बाकी आहेत.»
10 जानेवारी, जाब देणार: «पगार लांबलाय काकू. 25 ला दोन्ही मिळून देतो.»

27 जानेवारी, मी: «25 तारीख गेली.»
उत्तर नाही. संदेश वाचल्याची निळी खूण दिसते.

3 फेब्रुवारी: मागणीची नोटीस पोच-पावतीसह रजिस्टर पोस्टाने पाठवली. 7 फेब्रुवारीची सही असलेली पोच परत आली (5-आ).

11 फेब्रुवारी, जाब देणार: «काकू नोटीस कशाला पाठवली, मी कुठे पळून चाललोय का. दोन महिन्यांचं आणि मागचं 5,600 असं सगळं मार्चमध्ये क्लिअर करतो.»
मी: «तारीख सांग.»
जाब देणार: «10 मार्च.»

12 मार्च, मी: «10 तारीख झाली. करार 31 ला संपतोय, तो मी पुढे वाढवणार नाही. जागा रिकामी करण्याची तयारी ठेव.»
जाब देणार: «पाडव्यापर्यंत द्या काकू. पाडवा झाला की सामान हलवतो. तीन महिन्यांचं अनामतीतून कापून घ्या.»

पाडवा 30 मार्चला होता. या शेवटच्या संदेशात तीन गोष्टी एकत्र मान्य झाल्या आहेत: करार वाढणार नाही, जागा सोडायची आहे आणि तीन महिन्यांचे शुल्क दिलेले नाही.

दस्त 6. मुदत संपल्यानंतरचा ताबा

31 मार्च 2025, संध्याकाळी 6.05. वीजमीटरचा फोटो, जिन्याखालच्या सामाईक जागेतून घेतलेला. त्या दिवसापर्यंतचे थकीत बिल 2,870 रुपये मी 4 एप्रिलला भरले, ऑनलाइन पावती सोबत आहे. मीटर माझ्या नावावर आहे आणि घरात लहान मूल आहे, म्हणून पुरवठा खंडित होऊ दिला नाही. वीज-पाणी तोडून जागा रिकामी करून घेणे कलम 29 ला धरून नाही आणि तसा प्रयत्न माझ्याकडून कधीही झालेला नाही.

2 एप्रिल: ताबा मागणारी नोटीस रजिस्टर पोस्टाने. 9 एप्रिलला ‘घेण्यास नकार’ असा शेरा असलेले पाकीट परत आले. ते न उघडता जोडले आहे. त्याच नोटिशीचा फोटो 2 एप्रिललाच व्हॉट्सअॅपवरही पाठवला होता, तो वाचल्याची खूण स्क्रीनशॉटमध्ये दिसते.

5 एप्रिल, सकाळी 10.20. दाराचा फोटो: नावाची पाटी, बाहेर चपला, सायकल. सोसायटीच्या जिन्यातून घेतला आहे. कोणाचाही चेहरा येऊ दिलेला नाही आणि जाब देणार यांच्या परवानगीशिवाय मी घरात पाऊल टाकलेले नाही.

20 एप्रिल: जाब देणार यांच्याकडून यूपीआयने 10,000 रुपये आले, शेऱ्यात ‘एप्रिल रेंट’. मी त्याच दिवशी उत्तर दिले: «निखिल, तुझा परवाना 31 मार्चला संपला. हे पैसे एप्रिलचं भाडं म्हणून घेतलेले नाहीत, जुन्या बाकीत जमा केले आहेत. नवा करार केलेला नाही आणि करणार नाही. जागा रिकामी कर.» यावर हरकत आली नाही. ही रक्कम घेतल्याने परवाना पुढे चालू झाला असा अर्थ काढला जाऊ नये, यासाठी हा संदेश वेगळ्या पानावर (6-उ) ठेवला आहे.

18 मे, जाब देणार: «बाथरूम गळत होतं तेव्हा आम्ही किती त्रास काढला. त्याचं काय? तुम्हाला कोर्टात जायचं तर जा.»

गळतीचा उल्लेख ऑक्टोबरनंतर या संदेशात प्रथमच आला आहे. मधल्या सात महिन्यांच्या संभाषणात तो कुठेही नाही. तारखांवरून पडताळणी व्हावी म्हणून संपूर्ण संभाषण पेन-ड्राइव्हवरही दिले आहे.

हिशोब, 31 मे 2025 अखेर

| तपशील | रुपये |
|---|---|
| नोव्हेंबर 2024 ची बाकी (16,000 − 8,000 − 2,400) | 5,600 |
| जानेवारी, फेब्रुवारी, मार्च 2025 | 48,000 |
| वजा: 20 एप्रिलला जमा | 10,000 |
| मुदतीतील शुल्काची बाकी | 43,600 |
| मी भरलेले वीजबिल | 2,870 |
| एकूण थकबाकी | 46,470 |
| अनामत | 50,000 |
| वळतीनंतर अनामतीत शिल्लक | 3,530 |

मुदतीतली थकबाकी अनामतीत बसते, हे मी लपवत नाही. माझी मुख्य मागणी ताब्याची आहे. मुदत संपूनही ताबा न दिल्यास परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई देण्याची जबाबदारी कलम 24(2) ने येते. 16,000 च्या दुप्पट 32,000, याप्रमाणे एप्रिल व मे मिळून 64,000 रुपये होतात. त्यातून 3,530 वजा जाता 60,470 रुपये राहतात. 1 जूनपासून ताबा मिळेपर्यंत याच दराने पुढील आकारणी व्हावी.

अनामतीची वळती परिच्छेद 9 प्रमाणे जागा सोडतानाच व्हायची असल्याने वरील वळती केवळ हिशोब स्पष्ट व्हावा म्हणून दाखवली आहे. तो परिच्छेद मुदत चालू असताना शुल्क थांबवण्याची मुभा देत नाही.

दस्त 7. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र

भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63(4) प्रमाणे. भाग ‘अ’ वर माझी सही आहे, भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरला आहे. संभाषणाची निर्यात केलेली फाइल, 11 मूळ फोटो व यूपीआय नोंदींचे स्क्रीनशॉट या सर्वांची एसएचए-256 हॅश किंमत प्रमाणपत्रात लिहिली आहे. फोटो आकार कमी न करता मूळ स्वरूपात दिले आहेत, म्हणजे काढल्याची तारीख व वेळ त्यांतच वाचता येईल. हे संदेश ज्या फोनवर आले तो माझ्याकडे आहे, त्यातून काहीही पुसलेले नाही आणि प्राधिकाऱ्यांनी मागितल्यास तो सुनावणीला आणेन.

फाइलमध्ये न ठेवलेले

शेजाऱ्यांची तोंडी माहिती, जाब देणार यांच्या पत्नीचे संदेश आणि त्यांच्या नोकरीच्या ठिकाणाबाबतचे कागद. त्या बाई करारात पक्षकार नाहीत आणि त्यांनी माझ्याशी नेहमी नीट वागणूक ठेवली आहे. त्यांना या कामात ओढण्याची गरज मला वाटत नाही.

जाब देणार यांनी समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कलम 43 प्रमाणे बाजू मांडण्याची परवानगी मागितल्यास या फाइलची संपूर्ण प्रत त्यांना देण्यास माझी हरकत नाही. दुसरा संच त्यासाठीच बांधून ठेवला आहे.

वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.

पुणे, 14 जून 2025
सुमन वसंत कुलथे, अर्जदार