विषय: ६ जूनच्या अंतिम फेरीनंतरचा निर्णय – सिनियर मेंटेनन्स इंजिनिअर (युटिलिटी), चाकण प्लांट

बुधवार, २४ जून २०२६

नमस्कार प्राजक्ता मॅडम,

शनिवार, ६ जूनला चाकण प्लांटवर माझी शेवटची फेरी झाली. समोर प्लांट हेड सर आणि इंजिनिअरिंगचे मॅनेजर सर होते. निघताना तुम्ही मंगळवार, १६ जूनपर्यंत कळवते म्हणाला होतात. १९ तारखेला याच मेलवर दोन ओळी लिहिल्या होत्या आणि परवा सोमवारी दुपारी एकदा फोन केला होता. मीटिंगमध्ये असाल म्हणून परत लावला नाही. जूनमध्ये ट्रेनींची भरती आणि त्यातच पगाराचं काम, त्यामुळे उशीर होतो याची कल्पना आहे.

निर्णय कुठपर्यंत आला आहे, एवढंच विचारायचं आहे. अजून व्हायचा असेल तर अंदाजे तारीख सांगा. वरून मंजुरी अडकली असेल, जागाच पुढे ढकलली असेल किंवा दुसऱ्या कुणाची निवड झाली असेल, तर तेही एका ओळीत लिहा. नकार असला तर कारण दिलं नाहीत तरी चालेल. मला पुढचं ठरवता येईल, बाकी काही नाही.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण ती नंतर कळली तर तुमचीच पंचाईत होईल. दुसऱ्या एका कंपनीचं ऑफर लेटर २२ जूनला हातात आलं आहे आणि त्यांना मंगळवार, ३० जूनच्या संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं आहे. पगार वाढवून घ्यायला हे लिहीत नाही. तुमच्याशी बोलणं झालं तो वार्षिक ११ लाख ४० हजारांचा आकडा, त्यातला १० टक्के भाग कामगिरीवर, मला तेव्हाही मान्य होता आणि आजही आहे. पहिली पसंतीही तुमच्याच जागेला आहे. कॉम्प्रेसर, बॉयलर, चिलर आणि कूलिंग टॉवर एकाच माणसाच्या जबाबदारीत, असं काम मी शोधत होतो. तिकडे निम्मा वेळ प्रॉडक्शन मशिनच्या ब्रेकडाउनमध्ये जाईल. पण एकदा होकार देऊन ऐनवेळी फिरवायचा, हे मला करायचं नाही. म्हणून सोमवार, २९ जूनपर्यंत काही कळलं तर फार बरं होईल.

तेवढ्यात ऑफर लेटर निघणं कठीण असेल तर 'निवड झाली आहे, पत्र अमुक तारखेपर्यंत देऊ' इतका मजकूर कंपनीच्या मेलवरून आला तरी पुरे. त्या आधारावर मी तिकडे चार दिवस मागून घेईन. फोनवरच्या निरोपावर मात्र राजीनामा देता येणार नाही, हे तुम्ही समजून घ्याल.

जॉइनिंगचा हिशोब फेरीत नीट सांगता आला नव्हता, तो असा. माझा नोटीस पीरियड ६० दिवसांचा आहे. १ जुलैला राजीनामा दिला तर शेवटचा दिवस शनिवार, २९ ऑगस्ट आणि चाकणला हजर सोमवार, ३१ ऑगस्टला. गणपती १४ सप्टेंबरला बसतात. वर्षाचं मोठं शटडाउन त्याच आठवड्यात घेता, असं प्लांट हेड सर म्हणाले होते. म्हणजे ३१ ऑगस्टला आलो तर तयारीला जेमतेम दोन आठवडे मिळतील, आणि स्पेअर मागवायला तेवढे पुरत नाहीत. त्याआधी यायचं असेल तर नोटीस १५ दिवसांनी कमी करता येईल: शेवटचा दिवस शुक्रवार, १४ ऑगस्ट, जॉइनिंग सोमवार, १७ ऑगस्ट. माझ्या नेमणूकपत्राप्रमाणे उरलेल्या दिवसांचा मूळ पगार भरावा लागतो. तो महिना ३६,००० रुपये, म्हणजे दिवसाला १,२०० आणि १५ दिवसांचे १८,०००. ही रक्कम कंपनी परत देते का, ते कळवा. शिल्लक १२ रजा नोटीसमध्ये धरून घ्यायची विनंती मी करीनच, पण मॅनेजरच्या मर्जीवर असलेली गोष्ट असल्यामुळे ती या हिशोबात धरलेली नाही.

कोल्हापूरहून बिऱ्हाड हलवण्याचा प्रश्न तुम्ही विचारला होता. मुलीची शाळा सुरू झाली आहे, त्यामुळे कुटुंब दिवाळीपर्यंत कोल्हापुरातच राहील आणि मी एकटा चाकणला येईन. घर मिळेपर्यंत थांबायची गरज नाही.

कागदपत्रांमध्ये एक राहिलं होतं. ८ जूनला मार्च, एप्रिल आणि मे महिन्यांच्या सॅलरी स्लिप, नेमणूकपत्र, शेवटच्या पगारवाढीचं पत्र, पदवी आणि बॉयलरचं बीओई प्रमाणपत्र पाठवलं होतं. २०२५-२६ चा फॉर्म १६ तेव्हा मिळाला नव्हता. १५ जूनची मुदत असल्याने तो आत्ता आला. सोबत जोडला आहे. यूएएन तोच राहील. पडताळणीसाठी फॉर्ममध्ये दिलेल्या आधीच्या दोन साहेबांना कधीही फोन करा, दोघांनाही कल्पना दिली आहे. सध्याच्या कंपनीत मात्र राजीनामा मंजूर होईपर्यंत विचारणा करू नये, ही विनंती.

शेवटच्या फेरीत प्लांट हेड सरांनी हवेच्या गळतीबद्दल विचारलं होतं. वेळ संपली म्हणून उत्तर अर्धं राहिलं. ते पूर्ण लिहून खाली जोडलं आहे. योग्य वाटल्यास त्यांच्याकडे पाठवा. तुमच्या उत्तराचा आणि या टिपणाचा एकमेकांशी संबंध नाही. टिपण वाचायला महिना लागला तरी चालेल.

रोज संध्याकाळी साडेपाचनंतर आणि शनिवारी पूर्ण दिवस फोनवर बोलू शकतो. शिफ्टमध्ये असताना फोन लॉकरमध्ये असतो, तेव्हा व्हॉट्सॲपवर दोन शब्द टाकलेत तरी मी परत फोन करीन.

आपला,
नितीन
मुक्काम कोल्हापूर


सोबतचं टिपण: रविवारच्या बंदमध्ये कॉम्प्रेस्ड एअरची गळती मोजणे

प्रश्न असा होता: फ्लो मीटर नाही, पैसे खर्च करायचे नाहीत, तर गळती किती हे कसं सांगाल?

सगळी मशिन बंद, हवा वापरणारं कुणी नाही, अशा वेळी एकच कॉम्प्रेसर चालू ठेवायचा. प्लांटमध्ये हवा कुणी घेत नसतानाही तो लोड होत असेल, तर ती सगळी हवा गळतीत जाते. तो लोडवर किती वेळ राहतो आणि अनलोडवर किती वेळ, हे स्टॉपवॉचने टिपायचं. एका फेरीवर विश्वास ठेवायचा नाही. आठ-दहा फेऱ्यांची सरासरी घ्यायची.

गळती = कॉम्प्रेसरची क्षमता × लोडची वेळ ÷ (लोडची वेळ + अनलोडची वेळ)

उदाहरणार्थ ५०० सीएफएमचा, ९० किलोवॅटचा कॉम्प्रेसर दीड मिनिट लोड आणि सहा मिनिटं अनलोड राहिला, तर ५०० × १.५ ÷ ७.५ = १०० सीएफएम, म्हणजे क्षमतेच्या २० टक्के. ७ बारला १०० सीएफएमसाठी साधारण १८ किलोवॅट लागतात. वर्षाला ८,००० तास धरले तर १,४४,००० युनिट. युनिटला ९ रुपये धरले तर १२ लाख ९६ हजार रुपये. प्लांटचा खरा दर वीजबिलावरून घेऊन हा आकडा बदलावा.

चूक होते ती बहुधा तीन ठिकाणी. पहिलं, हीटलेस डेसिकंट ड्रायर. तो स्वतःच्या पर्जसाठी साधारण १५ टक्के हवा खातो, प्लांट बंद असला तरी. चाचणीच्या वेळी तो बायपास करावा, नाहीतर त्याची हवा गळतीच्या नावावर पडते आणि फिटर आठवडाभर नसलेली गळती शोधत फिरतात. दुसरं, मशिनचे आयसोलेशन व्हॉल्व्ह. रविवारी सुरक्षेसाठी ते बंद करायची सवय असते. पण बंद ठेवले तर फक्त मेन हेडरची गळती मोजली जाते, आणि खरी गळती तर शेवटच्या दहा-वीस फुटांत असते: पुश-फिट जोड, क्विक कपलर, एफआरएलचा बाऊल, अर्धवट बसणारी ब्लो गन. तेव्हा व्हॉल्व्ह उघडे ठेवून मोजावं आणि त्या वेळी मशिनवर कुणी काम करत नाही ना, हे आधी पाहावं.

तिसरं म्हणजे व्हीएफडी कॉम्प्रेसर. तो लोड-अनलोड करत नाही, वेग कमी-जास्त करतो, म्हणून वरचं सूत्र त्याला लागू होत नाही. तिथे कॉम्प्रेसर पूर्ण बंद करून रिसीव्हरचा दाब ७ बारवरून ६ बारवर यायला किती वेळ लागतो ते पाहायचं. ३ घनमीटरचा रिसीव्हर एका मिनिटात १ बारने उतरला, तर साधारण ३ घनमीटर प्रति मिनिट, म्हणजे सुमारे १०५ सीएफएम गळती. हेडर पाइपमधली हवाही यात मिळवावी लागते. लांब लाइन असेल तर ती विसरल्याने आकडा कमी दिसतो.

बंदमध्ये न दिसणारी गळतीही असते. सिलेंडरच्या पिस्टन सीलमधून जाणारी हवा काही वेळा सोलेनॉइड चालू असतानाच सुटते. म्हणून रविवारचा आकडा हा खालचा आकडा समजावा. दुरुस्तीची सुरुवात मात्र ऑटो ड्रेनपासून करावी: उघडा अडकलेला एक ड्रेन दहा जोडांइतकी हवा सोडतो आणि तो साफ करायला अर्धा तासही लागत नाही. जोडांसाठी साबणाचं पाणी पुरतं. जिथे गोंगाट आहे आणि हात पोचत नाही, तिथे अल्ट्रासोनिक डिटेक्टर एक दिवस भाड्याने आणावा. विकत घ्यायची घाई नको.

चांगल्या सांभाळलेल्या प्लांटमध्ये गळती १० टक्क्यांच्या आत राहते. पहिल्या सहा महिन्यांसाठी मी हेच उद्दिष्ट धरीन आणि महिन्यातून एका रविवारी हीच चाचणी परत घेईन.


व्हॉट्सॲप, २४ जून, संध्याकाळी ५:४०

नमस्कार मॅडम, नितीन बोलतोय, कोल्हापूरहून. चाकणच्या युटिलिटी जागेबद्दल दुपारी सविस्तर मेल केला आहे, फॉर्म १६ सोबत आहे. मेल लांब आहे, त्यामुळे मुद्दा इथेच सांगतो: निर्णय कुठपर्यंत आलाय ते सोमवार, २९ पर्यंत कळलं तर बरं, कारण दुसरीकडे ३० ला उत्तर द्यायचंय. 'बाकी आहे', 'हो' किंवा 'नाही' एवढं लिहिलंत तरी चालेल. मधे पुन्हा फोन करून त्रास देत नाही. २९ ला संध्याकाळी सहाला एकदा फोन करीन, तेव्हा सोयीचं नसेल तर आधी तसं कळवा.