डिसेंबरातले काजवे

“नऊशे रुपयांत हरिश्चंद्रगड! तंबू, जेवण, पुण्याहून जाणं-येणं सगळं धरून. आजच पैसे भरायचेत,” निखिल म्हणाला.

“नऊशेत डिझेल तरी निघतं का रे?” सायलीने विचारलं.

“तुला सगळ्यातच खोट दिसते. पंधरा वर्षांचा अनुभव आहे या ट्रेकवाल्यांना.”

तिने त्यांच्या वेबसाइटच्या डोमेनची नोंद काढली. अकरा दिवसांपूर्वीची. जीएसटी क्रमांक 15 ऐवजी 13 अक्षरी. पैसे कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर.

“टायपिंग चुकलं असेल,” निखिल हटेना.

“बरं, हे वाच. ‘डिसेंबरच्या थंडीत लाखो काजवे पाहा.’”

निखिल गप्प झाला. राजूरला मामाकडे त्याने काजवे पाहिले होते, पण पावसाच्या तोंडावर, मे-जूनमध्ये.

“एसटीने जाऊ,” तो पुटपुटला. “मामाला फोन करतो.”