कापरेकर जयंतीच्या कार्यक्रमासाठी प्रमुख पाहुण्या म्हणून निमंत्रण

दिनांक : ८ डिसेंबर २०२५

प्रति,
निवृत्त विभागप्रमुख, गणित विभाग

विषय : गणित मंडळाच्या कार्यक्रमास प्रमुख पाहुण्या व वक्त्या म्हणून उपस्थित राहण्याबाबत विनंती.

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

शनिवार, १७ जानेवारी २०२६ रोजी सकाळी साडेदहा वाजता आपल्या विभागाच्या गणित मंडळाने दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या जयंतीनिमित्त कार्यक्रम ठरवला आहे. आपण प्रमुख पाहुण्या म्हणून यावे आणि मुलांशी बोलावे, अशी मंडळाची इच्छा आहे. माननीय प्राचार्यांनी आपल्या नावाला लगेच संमती दिली. नाव सुचवले ते मात्र मुलांनी. आपण निवृत्त झाल्यानंतर प्रवेश घेतलेली ही मुले आहेत. विभागाच्या कपाटातल्या आपल्या हस्तलिखित टिपणांवरून त्यांची आपल्याशी ओळख आहे, आणि त्या टिपणांच्या समासात आपण लिहून ठेवलेले प्रश्न ती अजून सोडवत असतात.

व्याख्यानाचा विषय आम्ही सुचवतो आहोत : ‘६१७४ : गंमत कुठे संपते आणि गणित कुठे सुरू होते?’ शब्दरचना आपण हवी तशी बदलावी. हा विषय का निवडला, ते मात्र थोडे सविस्तर लिहिते.

गेल्या सत्रापासून कापरेकरांची ही संख्या मुलांच्या तोंडी आहे. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करत जायचे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. येणाऱ्या वर्षाचा आकडा घेऊन एका मुलीने सूचनाफलकावर लिहिले आहे : २०२६ वरून ५९९४, मग ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सहाव्या पायरीला ६१७४. खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिले, ‘पण का?’ त्या प्रश्नाखाली अद्याप कुणी काही लिहिलेले नाही, आणि मीही मुद्दाम लिहिलेले नाही.

हा ‘का’ आपण फळ्यावर उलगडावा, ही खरी विनंती आहे. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड असतील, तर वजाबाकी ९९९(अ−ड) + ९०(ब−क) इतकी येते, म्हणजे पहिल्याच पायरीनंतर फक्त दोन फरक महत्त्वाचे उरतात, आणि हजारो संख्यांमधून निघू शकणारी उत्तरे अवघी ५४. इथपर्यंत मुलांना नेले, की पुढचे काम ती स्वतः वहीत करू शकतील असे मला वाटते. तीन अंकांना ४९५ मिळते, पण दोन आणि पाच अंकांना असा एकच मुक्काम मिळत नाही, संख्या चक्रात फिरत राहतात, हेही त्यांना त्याच ओघात दिसावे. चमत्कार म्हणून सांगितलेल्या संख्या टाळ्या मिळवतात आणि विसरल्या जातात. सिद्धतेची चव एकदा लागली तर ती टिकते, आणि ती लावण्याचे कसब आपल्याकडे आहे, हे आपल्या वर्गात बसून मी अनुभवले आहे.

कापरेकरांच्या आयुष्याबद्दल पाच-सात मिनिटे बोललात तर फार बरे होईल. देवळालीला शाळामास्तर म्हणून नोकरी करत असताना त्यांनी संख्यांवर काम केले, आणि १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर जगभर ते नाव पोहोचले. आपल्याकडे शिकणाऱ्या बऱ्याच मुलांना पुढे शाळेतच शिकवायचे आहे. संशोधन म्हणजे दूरच्या मोठ्या संस्थेतच होणारी गोष्ट, असा त्यांचा समज आहे. तो या निमित्ताने हलला तर हलू दे. स्वयंभू संख्या किंवा हर्षद संख्या घ्यायच्या की नाही, ते आपण वेळ पाहून ठरवावे. माझ्या मते त्यांतली एकच घेतली तरी पुरे.

श्रोते साधारण दीडशे असतील. निम्म्याहून अधिक मुले प्रथम आणि द्वितीय वर्ष विज्ञानाची. उरलेल्यांत वाणिज्य व कला शाखेतली उत्सुक मुले आणि शेजारच्या शाळेतले नववी-दहावीचे तीसेक विद्यार्थी. म्हणजे मूळ संख्या ठाऊक नसलेला कुणी नसेल, पण सर्वांना सर्वसमता समीकरणे येतील असे धरता येणार नाही. व्याख्यान मराठीतच हवे. पारिभाषिक शब्द इंग्रजीतून आले तरी मुलांना चालतात.

आपल्यासाठी चाळीस मिनिटे आणि त्यानंतर प्रश्नांसाठी वीस मिनिटे राखून ठेवली आहेत. प्रश्नोत्तरे लांबली तर आम्हाला आनंदच होईल, म्हणून पुढचा तास रिकामा ठेवला आहे. प्रास्ताविक आणि आपला परिचय मिळून दहा मिनिटांत आटोपायचे, असे मी सूत्रसंचालन करणाऱ्या मुलांना बजावले आहे. (सत्काराची भाषणे आपल्याला किती आवडतात, ते विभागात सर्वांना माहीत आहे.) शेवटी अंककोडी स्पर्धेतील पाच विजेत्यांना आपल्या हस्ते पुस्तके द्यायची आहेत. एक वाजेपर्यंत कार्यक्रम संपेल.

जागेबाबत एक सांगायचे राहिले. मोठे सभागृह उपलब्ध असूनही कार्यक्रम पहिल्या मजल्यावरच्या जुन्या व्याख्यानगृहात घेत आहोत, कारण तिथला लांब फळा अजून शाबूत आहे आणि उतरत्या बाकांमुळे शेवटच्या रांगेतल्यालाही तो दिसतो. जिन्याचा त्रास होणार असेल तर कृपया निःसंकोच कळवावे. तळमजल्यावरच्या सभागृहात फिरता फळा नेण्याची तयारी आहे. प्रोजेक्टर दोन्हीकडे आहे. ध्वनिमुद्रण करायचे झाल्यास आपली परवानगी घेऊनच करू.

प्रवासाचा खर्च आणि मानधन महाविद्यालयाच्या नियमाप्रमाणे देण्यात येईल. आदल्या दिवशी येणे सोयीचे असेल तर विश्रामगृहात खोली राखून ठेवू. स्थानकावर घ्यायला मी स्वतः येईन, बरोबर मंडळाचा विद्यार्थी सचिव असेल.

आपला होकार २० डिसेंबरपर्यंत कळला तर निमंत्रणपत्रिका छपाईला देता येईल. तारीख गैरसोयीची असल्यास जयंतीचा आग्रह आम्ही धरणार नाही. शनिवार, २४ जानेवारी हा दिवसही मोकळा ठेवला आहे. परिचयात काय असावे आणि काय नको, याच्या चार ओळी होकारासोबत पाठवल्यात तर मुलांना सोपे जाईल, नाहीतर ती समासातल्या प्रश्नांवरूनच आपला परिचय करून देतील.

कळावे, लोभ असावा.

आपली विद्यार्थिनी,
विभागप्रमुख, गणित विभाग
व मार्गदर्शक, गणित मंडळ

प्रत माहितीसाठी : माननीय प्राचार्य, विद्यार्थी सचिव, गणित मंडळ