प्रथम सत्र परीक्षा : सोमवारचे पर्यवेक्षण

सर्व शिक्षकांना नमस्कार. उद्या इयत्ता ९वी व १०वी, गणित भाग १, वेळ ११ ते १.

सकाळी १०.२० ला परीक्षा विभागात सही. ट्रान्सहार्बरने येणाऱ्यांनी एक गाडी आधीची धरावी. ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाची रांग सोमवारी हमखास लांबते.

खोली ११ : देशमुख मॅडम
खोली १२ : पाटील सर
खोली १४ : शेख मॅडम
खोली १५ : म्हात्रे सर
रिलिव्हर : कुलकर्णी मॅडम
राखीव : गायकवाड सर

खोली १३ चा पंखा बंद आहे, ती वापरायची नाही. तिथले विद्यार्थी १५ मध्ये बसतील.

१०.४५ ला गठ्ठा घेताना उत्तरपत्रिका मोजूनच सही करा. १०.५० ला उत्तरपत्रिका, ११ ला प्रश्नपत्रिका. पुरवणी दिली की तिचा क्रमांक लगेच तक्त्यात लिहा. शेवटच्या दहा मिनिटांत एकदम पुरवण्या मागतात, नोंद राहून जाते आणि जमा करताना हिशेब जुळत नाही. पेपर गोळा करून मोजल्याशिवाय कोणालाही वर्गाबाहेर सोडू नका.

बदली हवी असल्यास आज रात्री ८ पर्यंत कळवा. आपसात ठरवले तरी दोघांनीही इथे लिहावे, तोवर मूळ नावच कायम. सकाळी अचानक अडचण आली तर मेसेज नको, परीक्षाप्रमुखांना फोन करा. गायकवाड सर जातील. स्वतःच्या विषयाच्या पेपरला त्या विषयाचे शिक्षक वर्गात नकोत, म्हणून गणिताच्या शिक्षकांना बदली म्हणून घेऊ नये.

मोबाईल स्टाफरूममध्येच ठेवावेत.

– परीक्षा विभाग