सीआरआर घटला, तरी कर्जे का वाढत नाहीत?

पुणे, सोमवार

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

पतनिर्मितीच्या तासाला फळ्यावर मांडलेल्या सूत्राबद्दल एक शंका आहे. रोख राखीव प्रमाण, म्हणजेच सीआरआर, ४ वरून ३ टक्क्यांवर आले की गुणक, म्हणजे १ भागिले हे प्रमाण, २५ वरून ३३ वर जातो. १,००० कोटींच्या ठेवी असलेल्या बँकेचे १० कोटी मोकळे होतात, तेही रिझर्व्ह बँकेकडे बिनव्याजी पडून असलेले. मग कर्जे त्या पटीत का फुगत नाहीत?

मार्च २०२० मध्ये हीच कपात झाली आणि १.३७ लाख कोटी रुपये सुटले. पण टाळेबंदीत कर्ज मागणार कोण? बँकांनी जादा पैसा रिव्हर्स रेपोत, म्हणजे रिझर्व्ह बँकेकडेच व्याजाने, ठेवला. तिथला परतावा नकोसा व्हावा म्हणून एप्रिलमध्ये रिव्हर्स रेपो दर ४ वरून ३.७५ टक्क्यांवर आणावा लागला.

मला वाटते, खरी अडचण भांडवलाची असावी. १०० टक्के जोखीमभार असलेल्या १०० रुपयांच्या कर्जामागे बफर धरून साडेअकरा रुपये भांडवल लागते, सरकारी रोख्यांना पतजोखमीसाठी शून्य. सीआरआर घटल्याने रोकड वाढते, भांडवल नाही. शिवाय थकीत कर्जे जास्त असली की शाखाधिकारी हात आखडतो. चाकण-भोसरीच्या लघुउद्योजकाकडे ऑर्डरच नसेल, तर स्वस्त कर्ज तरी तो कशाला उचलेल?

मग गुणकाला कमाल मर्यादा समजायचे की बँक आधी कर्ज देते आणि राखीव रोकड मागाहून जमवते, असे उत्तरात लिहायचे? गुरुवारी तासानंतर भेटू का?

आपली विद्यार्थिनी,
एम.ए. अर्थशास्त्र, प्रथम वर्ष, रोल नंबर २७