पहिल्या पेपरच्या आदल्या रात्री

रविवार, रात्रीचे नऊ

उद्या भौतिकशास्त्र. वह्या-पुस्तकं कपाटात गेली. नऊनंतर ती उघडायची नाहीत, असं ताईशी आधीच ठरलंय. झोपायला अजून तासभर आहे आणि डोक्यात एकच गोष्ट घोळतेय, ती लिहून ठेवते. निकाल लागला की या सगळ्या महिन्यांच्या आखणीचं मोल गुणांवरून ठरेल. चांगले पडले तर वेळापत्रक उत्तम होतं, कमी पडले तर चुकलं, असं सगळे म्हणतील. मीसुद्धा म्हणेन. म्हणून गुण माहीत नसताना, आजच्या रात्री, मला त्या आखणीबद्दल खरंच काय वाटतं ते इथे असायला हवं.

सुरुवात ताईने करून दिली. मी तासांचं वेळापत्रक काढायला बसले होते, सहा ते आठ हा विषय, आठ ते दहा तो. ती म्हणाली, "तास लिहू नकोस, काम लिही. 'प्रवर्तन वाचणे' हे काम नव्हे. शेवटी हातात काय उरलं पाहिजे, ते लिही." तेव्हापासून रोजच्या रकान्यात वाचणे हा शब्दच आला नाही. त्याऐवजी यायचं : 'लेन्झचा नियम, पुस्तक मिटून, आकृतीसह, नंतर त्यावरची गणितं.' दिवसाअखेरी ते झालंय की नाही, याचं उत्तर हो किंवा नाही असंच असायचं. 'बऱ्यापैकी झालं' म्हणायला जागाच नव्हती.

आखणीतली सगळ्यात कठीण आणि मला सगळ्यात प्रिय झालेली गोष्ट म्हणजे कोरा कागद. धडा वाचून झाला की पुस्तक बंद, समोर कोरा कागद, आणि आठवेल ते सगळं त्यावर. पहिल्यांदा लेन्झचा नियम असा लिहायला घेतला तेव्हा विधान अगदी बिनचूक आलं : प्रवर्तित धारेची दिशा अशी असते की ती आपल्या कारणालाच विरोध करते. खाली मी 'का?' लिहिलं आणि पेन थांबलं. चुंबकाचा उत्तर ध्रुव कुंडलाकडे नेला की कुंडलाची समोरची बाजू उत्तर ध्रुवासारखी वागते आणि त्याला मागे ढकलते. चुंबक लांब नेला की तीच बाजू दक्षिण होते आणि त्याला ओढून धरते. दोन्ही वेळा हाताला जोर लावावा लागतो, आणि आपण केलेलं ते कार्यच विद्युत ऊर्जा होऊन बाहेर येतं. तसं नसतं तर चुंबक आपोआप आत ओढला गेला असता आणि ऊर्जा फुकट मिळत राहिली असती, म्हणजे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच मोडला असता. हे सगळं पुस्तकात होतं, मी वाचलंही होतं. पण कागदावर ते उतरवावं लागलं तेव्हाच ते माझं झालं. आज झोपेतून उठवून विचारलं तरी मी हे सांगेन.

या पद्धतीत रोज थोडं वाईट वाटतं, हे मात्र खरं. पुन्हा पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, मन निवांत असतं. कोरा कागद तसा निवांतपणा देत नाही. ताईने मला रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ सालचा प्रयोग सांगितला होता. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मग तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. आणि गंमत अशी की, आपल्या लक्षात जास्त राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. मन घाबरलं की मी हे स्वतःला पुन्हा सांगायचे. कठीण वाटतंय याचा अर्थ वाया जातंय असा नाही.

दुसरा आधार उजळणीच्या अंतरांचा. प्रत्येक धडा दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने परत यायचा. परत यायचा म्हणजे पुन्हा कोरा कागद, पुन्हा तेच प्रश्न. हर्मान एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवरच केलेले स्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि काही काळाने त्या पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो ते मोजायचं. एका दिवसानंतर ही बचत जेमतेम एक तृतीयांश उरली होती, एकतीस दिवसांनंतर सुमारे एक पंचमांश. म्हणजे विसरण्याचा मोठा घाव सुरुवातीलाच बसतो, पुढे तो मंदावतो. दुसऱ्या दिवसाची उजळणी मी कधी टाळली नाही ती याच कारणाने. ती वीस मिनिटांची असायची, पण तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडली असं माझं मत आहे. महिन्याच्या उजळणीपर्यंत पोचताना बरंचसं आधीच पक्कं झालेलं असायचं.

गणितांच्या बाबतीत आखणी मध्येच बदलली, आणि बदलली ते फार बरं झालं. आधी एका धड्याची सगळी गणितं एका बैठकीत व्हायची. विसावं गणित येईस्तोवर हात आपोआप चालायचा, कारण कोणतं सूत्र लावायचं हे धड्याच्या नावानेच सांगितलेलं असे. उद्याच्या पेपरात धड्याचं नाव नसणार. म्हणून मी वेगवेगळ्या धड्यांची गणितं चिठ्ठ्यांवर उतरवली, एका डब्यात टाकली आणि येईल ती चिठ्ठी सोडवायला लागले. वेग एकदम निम्म्यावर आला. पण प्रत्येक चिठ्ठीपाशी एक नवीन प्रश्न सुटायला लागला : हे नेमकं कशाचं गणित आहे? घरंगळत उतरणारा गोल दिसला की आधी विचारायचं, भरीव की पोकळ? भरीव गोलाचं जडत्व आघूर्ण 2/5 MR², पातळ पोकळ गोलाचं 2/3 MR², म्हणून त्याच उतारावरून भरीव गोल आधी पोचतो. कृष्ण पदार्थाचं तापमान २७ वरून ३२७ अंश सेल्सिअस झालं असं दिसलं की पेन उचलण्याआधी केल्विन : ३०० वरून ६००. तापमान दुप्पट, म्हणून उत्सर्जित शक्ती सोळापट. सेल्सिअसमध्येच भागाकार केला तर भलतंच उत्तर येतं आणि ते अगदी बरोबर असल्यासारखं दिसतं. अशा फसव्या जागांची एक वेगळी वही झाली. आज दुपारी शेवटची चाळली ती तीच वही.

आणि रविवारची रिकामी दुपार. आखणी करताना मला ती चैन वाटत होती. ताई अडून बसली, तिथे काहीही लिहू द्यायला तयार नव्हती. मग परीक्षेच्या आधीच्या महिन्यात ताप आला, तो चांगलाच लांबला, आणि मागे राहिलेली सगळी कामं त्या रिकाम्या दुपारींमध्ये हळूहळू मावली. बाकीचं वेळापत्रक जागचं हललं नाही. प्रत्येक तास भरलेला असता तर एका तापाने सगळं कोसळलं असतं, आणि कोसळलेलं वेळापत्रक पुन्हा उभं करण्यात माणूस जितका खचतो तितका तापाने खचत नाही. माझ्या मते अख्ख्या आखणीतला सगळ्यात शहाणा रकाना तो होता.

आखणीत सगळं बसलं असं नाही. अर्धवाहकांचा धडा मी मुद्दाम मर्यादित ठेवला : p-n संधी, पुरोगामी आणि प्रतिगामी अभिनती, एकदिशकारक, इतकंच पक्कं. काही लांबलचक सिद्धताही सोडल्या. त्याऐवजी जुने प्रश्नसंच घड्याळ लावून सोडवले, कारण वेळेत लिहिणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि ते धडा येण्याने येत नाही. उद्या नेमकी सोडलेली सिद्धता आली तर वाईट वाटेल. तरीही ही निवड विचार करून केली होती आणि आज रात्रीही मला ती बरोबरच वाटते. सगळं थोडं थोडं येण्यापेक्षा जे येतं त्यावर पूर्ण हात असणं मला हवं होतं.

संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. तिचा आवाज कापत होता. "अगं, तू ते पृष्ठताणाचं शेवटचं केलंस का? मला काहीच आठवत नाहीये." मी तिला म्हटलं, काहीच नाही असं नसतं, पुस्तक बंद कर आणि मला फोनवरच सांग, थेंब गोल का असतो. ती सांगत गेली : पृष्ठभागावरचे रेणू आत खेचले जातात, पृष्ठभाग कमीत कमी होऊ पाहतो, आणि ठरावीक आकारमानाला गोलाचंच पृष्ठफळ सगळ्यात कमी. सगळं बरोबर. शेवटी तिचा आवाज सरळ झाला होता. फोन ठेवल्यावर माझ्याही पोटातला गोळा जरा सैल झाल्यासारखा वाटला.

भीती आहेच. पण दोन महिन्यांपूर्वी ती सबंध विषयाची होती, पुस्तकाच्या जाडीची. आज मला विचारलं तर मी बोट ठेवून सांगू शकते : घूर्णी गतीतली दोन प्रकारची गणितं, अर्धवाहकांतला न केलेला भाग, आणि शेवटच्या अर्ध्या तासात माझं बिघडणारं अक्षर. बाकी जागांची मला आता भीती वाटत नाही. गुण काहीही येवोत, हे मला या आखणीने दिलं आणि ते माझ्याजवळ आहे.

प्रवेशपत्र, दोन पेनं, पट्टी, घड्याळ पिशवीत ठेवलंय. ताई उद्या मला उठवणार आहे, तरी गजरही लावलाय. रात्रभर जागून एखादा धडा पदरात पडेलही, पण झोप नसेल तर आहे तेच वेळेवर सुचणार नाही. दहाला दिवा बंद.

उद्या पेपर हातात आला की पहिली काही मिनिटं फक्त वाचन, येणाऱ्या प्रश्नांवर बारीक खूण. गणितं आधी, डोकं ताजं असताना. दीर्घोत्तरी मधे, आणि अडलेला प्रश्न सोडून पुढे. बाहेर आल्यावर कुणाशीही उत्तरं ताडून बघायची नाहीत, मैत्रिणीशीही नाही. तिलाही हे सांगून ठेवलंय. दुपारी झोप, आणि चारला रसायनशास्त्राचा पहिला कोरा कागद : संक्रमण मूलद्रव्यं.