कोथरूड ते वाकड : पत्ता बदलाची यादी आणि आजची स्थिती

तारीख : रविवार, २५ मे २०२५
घर बदललं : ३० एप्रिल २०२५, अक्षय्य तृतीया
जुना पत्ता : कोथरूड, पुणे ४११०३८ (भाड्याचं घर, करार ३१ मेला संपतो)
नवा पत्ता : बी विंग, फ्लॅट ७०४, दत्तमंदिर रस्त्यालगत, वाकड, पुणे ४११०५७
कुणाची नावं : प्रशांत, मी, आई, सई

दोन्ही पत्त्यांत पुणेच लिहितो, पण महापालिका बदलली, पोलीस आयुक्तालय बदललं, आरटीओ बदलला आणि मतदारसंघही बदलला. म्हणून ही यादी एका पेठेतून दुसरीत जाण्यापेक्षा लांब झाली आहे. प्रत्येकाने आपलं नाव असलेली ओळ वाचावी आणि काम पुढे सरकलं की स्थितीचा रकाना त्याच दिवशी बदलावा.

स्थितीचे शब्द : झालं = नवा पत्ता छापलेला किंवा स्क्रीनवर दिसलेला आहे. अर्ज केला = पावती क्रमांक मिळाला आहे. बाकी = सुरुवात नाही. थांबा = आधी दुसरं काम व्हायला हवं. गरज नाही = विचार करून सोडलं आहे.

"फोनवर सांगितलं" याला झालं म्हणायचं नाही.

आधी हे, मग बाकी सगळं

पत्त्याचा पुरावा म्हणून आपल्या हातात सध्या नोंदणीकृत खरेदीखत आणि इंडेक्स टू आहे. त्यावर प्रशांतचं आणि माझं नाव आहे, आईंचं आणि सईचं नाही. त्यामुळे आम्हा दोघांचे आधार आधी, त्यांच्या आधाराने बाकीच्या दोघींचे, आणि आधार झाल्यावर बँका, आरटीओ, पासपोर्ट. हा क्रम उलटा केला तर प्रत्येक ठिकाणी वेगळे कागद जोडत बसावं लागेल.

पत्ता सगळीकडे अक्षरशः एकसारखा लिहायचा. वर दिलाय तसाच. कुठे "सदनिका", कुठे "फ्लॅट", कुठे विंग गायब असं नको. पुढे दोन कागद जुळवताना त्यावरच गाडं अडतं.

| नोंद | काय करायचं | कोण | स्थिती |
|---|---|---|---|
| आधार : प्रशांत, मी | मायआधार पोर्टलवर इंडेक्स टू जोडून पत्ता बदल | प्रशांत | झालं. दोन्ही ई-आधार डाउनलोड करून घरच्या फोल्डरमध्ये ठेवलेत |
| आधार : आई | कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदल. नात्याचा पुरावा म्हणून जुनं रेशनकार्ड. अर्ज आईंच्या लॉगिनने, संमती प्रशांतच्या लॉगिनने | प्रशांत | अर्ज केला, संमती बाकी. ३० दिवसांत संमती दिली नाही तर अर्ज बंद होतो. आज रात्रीच द्यायची |
| आधार : सई | तिला १५ पूर्ण झाली, म्हणजे बोटांचे ठसे, बुबुळं आणि फोटो नव्याने द्यावेच लागतात. पत्ताही त्याच फेरीत आधार केंद्रावर | मी | बाकी. शाळा सुरू व्हायच्या आधी |

सरकारी नोंदी

| नोंद | काय करायचं | कोण | स्थिती |
|---|---|---|---|
| गाडीचं आरसी | मोटार वाहन कायद्याप्रमाणे पत्ता बदलल्यापासून ३० दिवसांत कळवायचं. वाहन पोर्टल, फॉर्म ३३, विमा, पीयूसी. गाडीवर कर्ज आहे म्हणून कर्ज देणाऱ्या बँकेची संमतीही | प्रशांत | बाकी. सगळ्यात तातडीचं, मुदत ३० मे. नंबर एमएच-१२ तोच राहतो, पाटी बदलायची नाही |
| स्कूटर | वरीलप्रमाणे, कर्ज नाही | मी | अर्ज केला |
| ड्रायव्हिंग लायसन्स, दोघांची | सारथी पोर्टल, आधार ओटीपीने | ज्याचं त्याने | माझं अर्ज केला, प्रशांतचं बाकी |
| मतदार यादी | प्रत्येकी एक फॉर्म ८, "निवासस्थान बदल" हा पर्याय. फॉर्म ६ नाही, तो नव्या मतदारांसाठी. कोथरूड विधानसभेतून चिंचवड विधानसभेत, लोकसभेला पुण्यातून मावळात | मी | प्रशांत, मी : अर्ज केला. आई : थांबा, आधार आल्यावर |
| पॅन | कार्डावर पत्ता नसतो, पण विभागाच्या नोंदीत असतो. आधार ई-केवायसीने बदल, मग आयकर पोर्टलच्या प्रोफाइलमध्येही तपासणं | प्रशांत | बाकी. रिटर्न भरायच्या आधी |
| पासपोर्ट | नुसता पत्ता बदलून मिळत नाही, पुस्तिका नव्याने काढावी लागते. ३६ पानी, फी १५०० रुपये | प्रशांत | प्रशांत : थांबा, जूनअखेर. बाकी तिघं : गरज नाही, मुदत संपेल तेव्हा |
| रेशनकार्ड | पांढरं आहे, धान्य मिळत नाही, पण नात्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतंय | आई, मी | थांबा. आईंचं आधार होईपर्यंत हात लावायचा नाही |
| मिळकतकर, पिंपरी-चिंचवड महापालिका | आधीच्या मालकांच्या नावावरून आपल्या नावावर हस्तांतरण नोंद. जोडीला इंडेक्स टू आणि चालू कराची पावती | प्रशांत | बाकी. ३० जूनपर्यंत कर भरला तर सवलत आहे. नाव बदलायचं राहिलं तरी कर जुन्या नावावर वेळेत भरायचा |

मतदार यादीबद्दल थोडं जास्त. ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो, यादीतली जागा बदलते. पडताळणीला बीएलओ घरी येतात. त्या वेळी दाराला कुलूप दिसलं तर अर्ज लटकू शकतो, म्हणून सोसायटीच्या गेटवर आपली नावं आणि आईंचा मोबाईल लिहून ठेवला आहे. आईंनी आजवर एकही मतदान चुकवलेलं नाही. पुढच्या मतदानाला त्यांना कोथरूडपर्यंत जावं लागू नये, ही माझ्या दृष्टीने या यादीतली मोठी गोष्ट आहे.

पासपोर्टबद्दल : अर्ज केला की पोलीस पडताळणी नव्या पत्त्यावर होते, म्हणजे आता पुणे शहर नाही, पिंपरी-चिंचवड पोलीस. तोवर आधार, वीजबिल आणि सोसायटीचं पत्र तिन्ही नव्या पत्त्याचे तयार असले की बरं. प्रशांतचा परदेश दौरा सप्टेंबरच्या आधी नाही, त्यामुळे घाई करू नये.

बँका आणि पैसे

| कुठे | काय करायचं | कोण | स्थिती |
|---|---|---|---|
| पगाराचं खातं, प्रशांत | नेट बँकिंगमधून, आधार ई-केवायसी | प्रशांत | झालं |
| पगाराचं खातं, मी | शाखेत आधारची प्रत आणि अर्ज | मी | झालं. पोचपावती घेतली |
| आईंचं पेन्शनचं खातं, कोथरूड शाखा | फक्त पत्ता बदल. शाखा बदलायची नाही | मी आणि आई | थांबा, आधार आल्यावर |
| गृहकर्ज | कर्जाच्या कागदांवर मालमत्तेचा पत्ता वाकडचा आहे, पण पत्रव्यवहाराचा पत्ता अजून कोथरूडचा. दोन वेगळ्या नोंदी | प्रशांत | अर्ज केला |
| क्रेडिट कार्डं, दोन | खात्याचा पत्ता बदलला म्हणून कार्डाचा बदलतोच असं नाही. स्वतंत्र तपासायचं | प्रशांत | एक झालं, एक बाकी. बाकी असलेलं कार्ड जुलैत संपतंय, नवं कोथरूडला जाईल. या आठवड्यात |
| लॉकर, कोथरूड | लॉकरच्या करारावरचा पत्ता वेगळा कळवायचा | मी | बाकी |
| पोस्टातली मासिक प्राप्ती योजना, आई | कोथरूड पोस्टातच ठेवायची, केवायसीत पत्ता बदल | मी आणि आई | थांबा, पेन्शन खात्याच्याच दिवशी |
| म्युच्युअल फंड | केआरएच्या नोंदीत एकदा बदल केला की फंड कंपन्यांकडे तोच जातो | मी | अर्ज केला |
| डीमॅट | ब्रोकरच्या ॲपमधून. केआरएचा बदल इथे लागू झाला असं धरून चालायचं नाही | प्रशांत | बाकी |
| पीएफ | ऑफिसच्या एचआरकडे नवा पत्ता, मग यूएएन प्रोफाइल पाहणं | दोघं | एचआर झालं, प्रोफाइल बाकी |
| एलआयसी, तीन पॉलिसी | ग्राहक पोर्टलवर | मी | झालं |
| आरोग्य विमा | पत्ता बदलाची नोंद पॉलिसीवर करून घेणं, चौघांची कार्डं तपासणं | प्रशांत | अर्ज केला |
| गाडीचा विमा | आरसी बदलल्यावर | प्रशांत | थांबा |

चेकबुक आणि कार्ड नवा पत्ता "झालं" होईपर्यंत कुठेही मागवू नये. पोस्टाने निघालेली वस्तू अर्ध्या वाटेत वळवता येत नाही.

आईंच्या खात्याची शाखा न बदलण्याचं कारण त्यांना पटलं आहे : पेन्शन चालू असताना खातं हलवलं तर एखादा महिना मागेपुढे होण्याची भीती, आणि नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आता घरबसल्या मोबाईलवर चेहरा दाखवून देता येतो. कोथरूडच्या शाखेत एकदाच जायचं, आणि त्याच फेरीत पोस्ट आणि लॉकर. मी बरोबर असेन.

वीज, गॅस, इंटरनेट

| सेवा | काय करायचं | स्थिती |
|---|---|---|
| महावितरण, वाकड | आधीच्या मालकांच्या नावावरून नावबदल. १२ अंकी ग्राहक क्रमांक, इंडेक्स टू, त्यांचं संमतिपत्र | अर्ज केला. बिल जुन्या नावाने आलं तरी भरायचं |
| महावितरण, कोथरूड | मीटर घरमालकांच्या नावावर. ३१ मेचं रीडिंग फोटोसह त्यांना पाठवून हिशेब मिटवणं | बाकी, ३१ मे |
| पाइप गॅस, एमएनजीएल | नावबदल | अर्ज केला |
| सिलिंडर, प्रशांतच्या नावावर | आता पाइप गॅस आहे, म्हणून कोथरूडच्या एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून अनामत परत घेणं. जुनं सबस्क्रिप्शन व्हाउचर शोधायचं | बाकी |
| ब्रॉडबँड | स्थलांतर | झालं |
| डीटीएच | कोथरूडच्या गच्चीवरची छत्री काढून इथे बसवणं | बाकी. आईंच्या मालिका सध्या मोबाईलवर आहेत, त्यांचे डोळे दुखतात, म्हणून हे मागे टाकू नये |
| मोबाईल बिलं | ॲपमध्ये पत्ता | झालं |

सोसायटी, शाळा, रोजचं

सोसायटीचं सभासदत्व आणि भागपत्रावर नाव चढवण्याचा अर्ज दिला आहे. ठराव पुढच्या समिती बैठकीत. नामनिर्देशनाचा फॉर्म त्याच्याबरोबर द्यायचा राहिला, तो बाकी. पार्किंगचे स्टिकर आणि गेटच्या ॲपवर चौघांची नोंद झालं.

सईची शाळा तीच, कारण हे दहावीचं वर्ष आहे. शाळेच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन पत्ता आणि तातडीचा संपर्क बदलणं बाकी, कार्यालय उघडेल त्या दिवशी. व्हॅनवाल्या काकांचा वाकडचा फेरा नाही. नव्या व्हॅनशी बोलणं झालं आहे, व्हॅन थांबण्याची जागा आणि वेळ ठरायची आहे.

| बाकी ठिकाणं | स्थिती |
|---|---|
| पेपर आणि दूध | झालं. कोथरूडची बिलं चुकती केली |
| आईंचं साप्ताहिक | वर्गणीदार क्रमांक घालून पोस्टकार्ड टाकलं. पहिला अंक वाकडला आला की झालं |
| वाचनालय, कोथरूड | सईची पुस्तकं परत करून अनामत घेणं बाकी |
| किराणा, जेवण आणि खरेदीची ॲप्स | झालं. जुना पत्ता पुसून टाकला, नुसता नवा जोडला नाही |
| आईंचे डॉक्टर आणि लॅब | लॅबमध्ये झालं. डॉक्टर तेच राहतील |
| कोथरूड पोस्ट | टपाल वाकडला पाठवण्याचा लेखी अर्ज दिला |

जन्मदाखले, गुणपत्रिका, विवाह नोंदणी : गरज नाही. त्यांवरचा पत्ता त्या दिवसाचा असतो.

३१ मेपर्यंत

सोमवार : प्रशांत, गाडीच्या कर्जाची संमती आणि आरसीचा अर्ज. संमती यायला वेळ लागला तरी अर्जाची पावती ३० तारखेच्या आत हवी.
मंगळवार : राहिलेलं क्रेडिट कार्ड, डीमॅट, प्रशांतचं लायसन्स.
बुधवार : मी आणि सई, आधार केंद्र.
गुरुवार : सिलिंडर, वाचनालय, डीटीएच, एकाच कोथरूड फेरीत.
शनिवार : घरमालकांना किल्ल्या, मीटरचा फोटो, डिपॉझिटचा हिशेब. आपलं टपाल आलं तर फोटो काढून पाठवायला ते तयार आहेत. शेजारच्या काकूंनाही माझा नंबर दिला आहे.